पंचवीस वाजून चार मिनिटांची लोकल

नकाशाच्या अ‍ॅपला तुमचं घर इमारत म्हणून दिसत नाही. त्याच्या लेखी तो अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू असतो. तो बिंदू तीस-चाळीस मीटर सरकला तर गाडीवाल्याचं फारसं बिघडत नाही, पण लोकल पकडणाऱ्याची अख्खी सकाळ सरकते. गूगल मॅप्स आणि मुंबईतला एक रोजचा प्रवास घेऊन हे पाहू : डोंबिवली पूर्वेला घर, अंधेरी पूर्वेला चकाला मेट्रो स्थानकाजवळ ऑफिस आणि साडेनऊची वेळ.

घर जोडायला अ‍ॅपच्या तळाशी असलेल्या You टॅबमध्ये जायचं (जुन्या आवृत्तीत तिथे Saved लिहिलेलं असे) आणि Home व Work भरायचं. बहुतेक जण सोसायटीचं नाव टाइप करतात, येईल ते पहिलं उत्तर दाबतात आणि मोकळे होतात. गडबड इथेच होते. सोसायटीचा पिन बऱ्याचदा इमारतीच्या मधोमध किंवा मागच्या अंगाला पडलेला असतो. चालण्याची वाट काढताना अ‍ॅप पिनजवळचा रस्ता धरतं. मागची गल्ली जवळ असेल तर ती धरतं. मध्ये सात फुटी भिंत आहे हे नकाशावर कुणी दाखवलेलं नसेल, तर अ‍ॅपला ते कळायला मार्ग नाही. समजा, मागच्या गल्लीने स्टेशन पाचशे मीटरवर आहे आणि पुढच्या गेटाने एक हजार पन्नास. चालण्याचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास धरला तर मिनिटाला साधारण ऐंशी मीटर होतात. म्हणजे स्क्रीनवर सहा मिनिटं आणि पायांना तेरा. त्या सात मिनिटांत ठरवलेली लोकल निघून जाते.

उपाय सोपा आहे. पत्ता टाइप करण्याऐवजी नकाशावरून जागा निवडायचा पर्याय घ्यायचा, नकाशा पुरेसा मोठा करायचा आणि पिन तुम्ही खरोखर ज्यातून बाहेर पडता त्या गेटावर, रस्त्याच्या कडेला ठेवायचा. आधीच घर जोडलेलं असेल तर त्यासमोरच्या तीन ठिपक्यांतून ते बदलता येतं. ऑफिसचंही तसंच. कंपनीचं नाव शोधलं की कधी दुसऱ्याच शाखेचा पत्ता येतो, कधी आयटी पार्कचं ते गेट येतं जिथून फक्त गाड्या सोडतात. जोडून झाल्यावर तिथून स्टेशनपर्यंतची चालण्याची वाट एकदा काढून बघा. रेषा भिंतीतून किंवा नाल्यावरून गेली, तर पिन चुकलाय. आणि सगळं नीट भरूनही शोधताना Home सुचत नसेल, तर गूगल खात्यातलं Web & App Activity बंद असण्याची शक्यता मोठी.

बसथांबे साठवताना एक फसगत नेहमी होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे दोन थांबे असतात आणि अ‍ॅपसाठी ते दोन स्वतंत्र थांबे असतात. त्यामुळे नाव शोधून Save करू नका. नकाशावरचं बसचं बारकं चिन्ह दाबा, खाली येणाऱ्या गाड्यांची यादी बघा, त्या तुमच्याच दिशेला जाताहेत याची खात्री करा आणि मग तो थांबा Favorites मध्ये टाका. पुढच्या वेळी थांबा उघडला की थेट गाड्याच दिसतात.

आता वेळापत्रकाकडे येऊ. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून बस-रेल्वेची वेळापत्रकं लिहिण्याची एक साधी पद्धत बसवली. आज ती जीटीएफएस या नावाने जगभर चालते. तिच्यात गूढ काही नाही, स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुराच्या काही फायली असतात. थांब्यांची एक, मार्गांची एक, आणि कुठली गाडी कुठे किती वाजता याची stop_times.txt. त्यातली एक ओळ नमुन्यादाखल अशी असेल :

```
trip_id,arrival_time,departure_time,stop_id,stop_sequence
T101,25:04:00,25:04:30,DOMBIVLI,18
```

पंचवीस वाजून चार मिनिटं ही छपाईची चूक नाही. रात्री बारानंतरची गाडी आदल्या दिवसाच्या सेवेतली असते, म्हणून घड्याळ चोवीसवर न थांबवता पुढे मोजतात. रविवारी रात्री एक वाजून चार मिनिटांनी येणारी लोकल तुमच्या फोनच्या हिशेबाने सोमवारची, पण वेळापत्रकाच्या हिशेबाने रविवारची. शेवटची गाडी शोधताना तारखेचा हा घोळ डोक्यात ठेवण्यापेक्षा वेळेच्या पर्यायातलं Last निवडावं.

सकाळसाठी मात्र Arrive by. Directions मध्ये ट्रेनचं चिन्ह दाबलं की सुरुवातीला अ‍ॅप ‘आत्ता निघालो तर’ एवढंच सांगतं. Arrive by मध्ये साडेनऊ टाकलं की हिशेब उलटा सुरू होतो : चकाल्याहून ऑफिसपर्यंत चाल, घाटकोपरहून मेट्रो, त्याआधी डोंबिवलीहून लोकल, आणि शेवटी घरातून निघायची वेळ. गोची होते घाटकोपरला. रेल्वेच्या फलाटावरून मेट्रोच्या फलाटावर जाताना जिना, पूल, सुरक्षा तपासणी आणि गर्दीची रांग लागते. वेळापत्रकाच्या फायलींत गाडी बदलायला लागणारा किमान वेळ सेकंदांत लिहायची सोय आहे, पण तो आकडा ठरलेला असतो. सकाळी नऊची रांग त्यात मावत नाही.

म्हणून हा प्रवास दोन तुकड्यांत शोधलेला बरा. सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गात मधला थांबा घालता येत नाही, तेव्हा आधी घाटकोपर ते ऑफिस बघायचं, मेट्रोची वेळ घ्यायची, तिच्या दहा-बारा मिनिटं आधी घाटकोपर स्टेशनला पोहोचायचं असं धरून घरापासूनचा दुसरा शोध करायचा. मोकळा वेळ लोकलच्या आधी जास्त ठेवा, मेट्रोच्या आधी कमी चालेल. गर्दीच्या वेळी मेट्रो काही मिनिटांत पुन्हा येते. ठरलेली फास्ट चुकली, तर पुढच्या फास्टपर्यंत फलाटावर उभं राहावं लागतं.

बसची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये गूगलने भारतातल्या दहा शहरांत, त्यांत मुंबई आणि पुणेही होते, रस्त्यावरच्या वाहतुकीवरून बसच्या उशिराचा अंदाज दाखवायला सुरुवात केली. तो अंदाजच असतो. समोरचा सिग्नल तुंबलाय हे त्यात धरलं जातं, पण डेपोतून गाडी सुटलीच नाही हे त्यावरून कळेलच असं नाही. वेळेसोबत थेट माहितीची खूण नसेल, तर तो आकडा छापील वेळापत्रकातला समजावा.

रविवारी आणखी एक भर पडते, मेगाब्लॉकची. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, काही रद्द होतात, आणि हे बदल फायलींत वेळेवर उतरले नसतील तर अ‍ॅप बिनधास्त नेहमीची फास्ट दाखवत राहतं. रविवारी निघायच्या आधी रेल्वेची ब्लॉकची सूचना वाचावी, मग अ‍ॅप उघडावं. आणि नेट जिथे जातं तिथे पोचण्यापूर्वी मार्गाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. डाउनलोड केलेल्या ऑफलाइन नकाशावर गाडीने जायचा रस्ता मिळतो, बस-रेल्वेचा मिळत नाही.