नितळ पार्श्वभूमीवर पट्टे आणि चौकोन का उमटतात?

फोटोत दाणे दिसले की ते पुसायचे, असा आपला समज पक्का असतो. पार्श्वभूमी बदलताना तर हटकून हेच घडतं. माणूस कापून घेतला, मागे गडद निळ्यापासून थोड्या उजळ निळ्यापर्यंत जाणारा ग्रेडियंट टाकला, वर भरपूर ब्लर मारला. कॉम्प्युटरवर छान दिसलं. मेसेजिंग ॲपवरून पाठवल्यावर मात्र चेहरा ठीक आणि मागे पट्टे, त्यात चौकोनी ठोकळे. दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. खरं कारण त्या नितळपणातच आहे.

नेहमीच्या 8 बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पातळ्या असतात. आपला निळा 40 पासून 60 पर्यंत जातो आणि फोटो 1600 पिक्सेल रुंद आहे असं धरू. मध्ये जेमतेम 20 पायऱ्या, म्हणजे साधारण 80 पिक्सेलचा एकेक सपाट पट्टा. फरक एकाच पातळीचा असतो, पण अशा कडा डोळा वाढवून दाखवतो. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी 1865 मध्येच हे नोंदवलं होतं. मूळ फोटोत सेन्सरचे दाणे या कडा विस्कटून टाकत होते. ब्लरने आपण नेमके तेच पुसले.

आता जेपीईजी, म्हणजे ॲप फोटो दाबून लहान करताना बहुधा वापरतं तो फाइलप्रकार. मला यातला सर्वांत आवडणारा भाग हाच. जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा पिक्सेलऐवजी लहरींच्या बेरजेत मांडतं: एक आकडा सरासरी उजेडाचा, बाकीचे 63 संथ ते वेगवान चढउतारांचे. मग प्रत्येक आकडा एका ठरलेल्या संख्येने भागून जवळच्या पूर्णांकात बसवला जातो. जेपीईजीच्या 1992 च्या मानकात दिलेल्या नमुना तक्त्यात सरासरीचा भाजक 16 आहे, सर्वांत संथ आडव्या लहरीचा 11, आणि अगदी वेगवान लहरीचा 99.

समजा आपल्या पट्ट्याची कड एका तुकड्याच्या बरोबर मधून जाते: डावीकडे 40, उजवीकडे 41. गणित केलं तर संथ आडव्या लहरीचा आकडा सुमारे 3.6 येतो. भागिले 11, म्हणजे 0.33, पूर्णांकात शून्य. कड पुसली गेली, अख्खा तुकडा एकाच रंगाचा झाला. सरासरीही 16 च्या टप्प्यांनी बसते, आणि तो आकडा सरासरीच्या आठपट असल्यामुळे शेजारच्या दोन तुकड्यांत एकदम 2 पातळ्यांची उडी पडू शकते. हेच ते ठोकळे. चेहऱ्यावर केस, पापण्या, त्वचेचा पोत यांचे आकडे मोठे असतात, म्हणून ते भागाकारातून तगतात.

उपाय यातूनच निघतो: दाणे परत घाला, पण असे की भागाकारात टिकतील. एकेका पिक्सेलचे बारीक दाणे बरेचसे वेगवान लहरींत मोडतात आणि मोठ्या भाजकाखाली चिरडले जातात. दाणा थोडा जाड हवा.

क्रम महत्त्वाचा आहे. फाइल 16 बिटमध्ये न्या आणि ग्रेडियंट नव्याने काढा; जुना 8 बिटचा पट्टा नुसता 16 बिटमध्ये नेऊन सुधारत नाही. मग ॲप जितकं लहान करणार, तितकं चित्र आधीच लहान करा, कारण नंतर आकार घटला तर दाण्यांची सरासरी होऊन ते विरतात. त्यानंतर फक्त पार्श्वभूमीच्या लेयरवर फोटोशॉपच्या `Add Noise` मधून साधारण 3 टक्के दाणे घाला. `Monochromatic` वर खूण हवीच; जेपीईजी रंगाची माहिती बहुधा निम्म्या रेझोल्यूशनवर ठेवतं, त्यामुळे रंगीत दाण्यांचे डाग होतात. त्यावर 0.6 पिक्सेलचा हलका ब्लर दिला की दाणा जाडसर होतो. रंग मोजायच्या टूलने शेजारच्या पिक्सेलमध्ये दोन-चार पातळ्यांचा फरक दिसला की पुरे. पूर्ण आकारात तो जवळपास जाणवत नाही. शेवटी 8 बिट करून सेव्ह करा.

फोटोचा डीपीआय 72 वरून 300 केला की तो स्पष्ट होतो, हा सल्ला मात्र गंडेदोऱ्याच्या जातीचा आहे. तो छपाईसाठीचा शिक्का आहे, एकही पिक्सेल बदलत नाही. खराब झालेला जेपीईजी पीएनजीत सेव्ह करणंही तसंच: ठोकळे जसेच्या तसे जपले जातात.

पाठवल्यानंतरची प्रत उतरवून 400 टक्के झूम करा. 8 पिक्सेलच्या जाळीत कडा दिसल्या तर कॉम्प्रेशन दोषी. लांब, वळणदार कडा आणि दोन्ही बाजूंना एका पातळीचा फरक असेल तर ग्रेडियंट दोषी. पट्टे दिसतात पण आकडे व्यवस्थित विखुरलेले आहेत, तर स्क्रीनच कमी पातळ्या दाखवतोय. ॲपने फारच जोरात दाबलं तर जाड दाणेही टिकत नाहीत आणि मधूनच चिकट डाग उरतात. अशा वेळी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही.