जालन्याचा ट्रेलर, न्हावाशेवाचं जहाज आणि गंधकाचा हिशेब

जालन्याच्या एमआयडीसीत सळई ओढणाऱ्या एखाद्या रोलिंग मिलच्या मागच्या बाजूला गेलात, तर फर्नेस ऑइलची टाकी दिसेल. काळं, दाट, उग्र वासाचं तेल. डिसेंबरच्या थंडीत टँकर रिकामा करायचा म्हणजे मिस्त्रींची अर्धी सकाळ त्यातच जाते. "आधी तापवा भाऊ, नाहीतर हे जागचं हालत नाही," असं ते सांगतात आणि वाफेच्या नळ्या सुरू करतात. समुद्रावरची मोठी जहाजं वर्षानुवर्षं याच जातीच्या तेलावर चालत आली आहेत. मराठवाड्याला समुद्र नाही, पण वाळूजचे गाडीचे सुटे भाग आणि जालन्याची सळई परदेशी निघते ती न्हावाशेवाच्या धक्क्यावरून, आणि तिथून पुढचा प्रवास या तेलाच्या जिवावर होतो.

हे तेल येतं कुठून? कच्चं तेल तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं एकेक काढून घेतलं की तळाशी गाळ उरतो. उसाच्या रसातली साखर काढून घेतल्यावर मळी उरावी, तसा. रसातलं नको असलेलं सगळं जसं मळीत गोळा होतं, तसं कच्च्या तेलातलं बरंचसं गंधक, शिवाय व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू या गाळात एकवटतात. गंधक इथे सुटं नसतं. मोठमोठ्या रेणूंच्या सांध्यात ते अडकलेलं असतं, त्यामुळे ते वेगळं काढायला हायड्रोजन, दाब आणि पैसा, तिन्ही लागतात. म्हणून हे तेल स्वस्त, आणि म्हणूनच जहाजमालकांचं लाडकं.

आता हिशेब करू. जालन्याहून न्हावाशेवा रस्त्याने साधारण चारशे किलोमीटर. भरलेल्या ट्रेलरला एका खेपेत 120 लिटर, म्हणजे वजनाने सुमारे 100 किलो डिझेल लागतं असं धरू. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल मिळतं. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त 10 भाग, म्हणजे 100 किलोत 1 ग्रॅम. जळल्यावर गंधकाच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि वजन दुप्पट होतं. अख्ख्या खेपेत ट्रेलरने हवेत सोडला तो 2 ग्रॅम सल्फर डायऑक्साइड.

तिकडे धक्क्याला लागलेलं कंटेनर जहाज. त्याचं मुख्य इंजिन बंद असतं, पण जहाज बंद नसतं. दिवे, पंप, गार ठेवायचे कंटेनर या सगळ्यांसाठी जनरेटर चालू असतात, आणि तेल गरम ठेवायला बॉयलर. या सगळ्याला दिवसाला 5 टन तेल लागतं असं धरा. 2020 च्या आधी जगात बहुतेक ठिकाणी साडेतीन टक्के गंधकाचं तेल चालत होतं. त्या तेलाने धक्क्यावरच्या एका दिवसात 350 किलो सल्फर डायऑक्साइड निघाला असता. आपल्या ट्रेलरच्या पावणेदोन लाख खेपांइतका! जहाजाची बाजू घ्यायची तर, ते एका फेरीत हजारो कंटेनर नेतं आणि टनामागे, किलोमीटरमागे त्याला ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागतं. कार्बनच्या हिशेबात जहाज पास होतं. नापास होतं ते गंधकाच्या.

नियम बदलला तो इथेच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा जहाजांच्या प्रदूषणाला आळा घालणारा मार्पोल करार आहे, त्याचं सहावं परिशिष्ट 2005 पासून लागू आहे. सुरुवातीला तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेचार टक्के होती, 2012 पासून साडेतीन झाली आणि 1 जानेवारी 2020 पासून थेट अर्ध्या टक्क्यावर आली. त्याच वर्षी 1 मार्चपासून, धूर धुण्याची यंत्रणा नसलेल्या जहाजाने वापरण्यासाठी जास्त गंधकाचं तेल टाकीत बाळगणंही बेकायदा ठरलं. नुसतं जाळायला बंदी असती, तर भर समुद्रात कोणती टाकी उघडली हे बघायला कोण जाणार होतं? आता आपलं जहाज दिवसाला 350 ऐवजी 50 किलो सोडतं. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. तरीही ते ट्रेलरच्या 25 हजार खेपांइतकं आहे, कारण अर्धा टक्का म्हणजे बीएस-6 डिझेलच्या पाचशे पट गंधक.

हा वायू नाकाला आणि घशाला झोंबतो, दमेकऱ्याला लगेच जाणवतो. पण फुप्फुसात खोलवर जातात ते कण, आणि जहाजाच्या धुरात ते दोन वाटांनी तयार होतात. पहिली वाट चिमणीतच. अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी, व्हॅनेडियम-निकेलची राख, आणि गंधकाचा थोडासा भाग तिथल्या तिथे आणखी ऑक्सिजन घेऊन बनलेले सल्फ्युरिक आम्लाचे थेंब. हे सगळं बंदराच्या आसपासच्या माणसांच्या वाट्याला येतं. दुसरी वाट सावकाशीची. सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर निघतो, उन्हात हळूहळू आम्ल होतो आणि हवेतल्या अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेटचे बारीक कण बनतो. कोरड्या हवेत दिवसाउजेडी याचा वेग ताशी काही टक्केच असतो. दुपारचा समुद्री वारा ताशी 18 किलोमीटरने वाहत असला, तर तीन तासांत धूर उरण-पनवेल मागे टाकून घाटाच्या पायथ्याकडे सरकलेला असतो, आणि तोवर बराचसा वायू अजून वायूच असतो. ढगात शिरला तर मात्र हेच काम फार झपाट्याने होतं. म्हणून बंदरातल्या यंत्रावर फक्त बारीक कण मोजले तर जहाजांचा वाटा कमी भासतो. त्यातले बरेच कण तिथे अजून जन्मालाच आलेले नसतात.

मग तो धूर मराठवाड्यापर्यंत येतो का? सह्याद्री ओलांडेपर्यंत तो इतका पातळ होतो की परळीच्या औष्णिक केंद्राचा, वीटभट्ट्यांचा आणि जालन्याच्या भट्ट्यांचा धूर सोडून त्याला दोष देणं मला तरी पटत नाही. आपल्या कंटेनरची किंमत आपण नाही, उरणकर मोजतात.

जहाजाने खरंच कमी गंधकाचं तेल जाळलं का, हे ओळखायचं कसं? कागद असतातच. तेल भरताना पुरवठादार त्यातल्या गंधकाची टक्केवारी लिहून पावती देतो, ती तीन वर्षं जपावी लागते. सोबत तेलाचा सीलबंद नमुना असतो, तो निदान वर्षभर. पण मला सर्वांत आवडलेली युक्ती आहे ती जहाजावर पाऊलही न ठेवता करायची. डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट या सामुद्रधुनीवरच्या पुलावर हवा हुंगणारं यंत्र बसवलं होतं. जहाज पुलाखालून गेलं की यंत्र दोन वायू मोजतं, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. धूर वाऱ्यात किती पातळ झाला हे कुणालाच ठाऊक नसतं, पण दोन्ही वायू सारखेच पातळ होतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण टिकतं. जड तेलात कार्बन साधारण 87 टक्के असतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किती वाढला यावरून तेल किती जळलं ते कळतं आणि दुसऱ्या वायूवरून त्यात गंधक किती होतं ते. समजा, धुराचा लोट येताच कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 50 भागांनी वाढला. तेल अर्धा टक्क्याचं असेल तर सल्फर डायऑक्साइड अब्ज भागांत सुमारे 108 भागांनी वाढायला हवा. आकडा 750 च्या घरात गेला, तर कप्तानाची पावती काहीही म्हणो, टाकीत जुनंच तेल आहे. यंत्राने संशय घ्यायचा आणि पुढच्या बंदरात अधिकाऱ्यांनी नमुना घ्यायचा, अशी वाटणी असते.

नियमात एक पळवाटही आहे, कायदेशीर. चिमणीत धूर धुणारा स्क्रबर बसवला की जुनं स्वस्त तेल जाळता येतं, फक्त बाहेर पडणाऱ्या धुरात याच दोन वायूंचं आपसातलं प्रमाण मर्यादेत असलं पाहिजे. उघड्या पद्धतीच्या स्क्रबरमध्ये समुद्राचं पाणी धुरावर फवारतात, पाण्यातले क्षार आम्ल मारतात, आणि ते पाणी काजळी-धातूंसकट परत समुद्रात जातं. हवेतली घाण पाण्यात टाकण्याचा हा प्रकार बंदरांना रुचला नाही, यात नवल ते काय. सिंगापूरने आपल्या बंदरात असं पाणी सोडायला 2020 पासूनच मनाई केली.

काही समुद्रांत नियम आणखी कडक आहे. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा इथे 2015 पासून 0.1 टक्का, आणि 1 मे 2025 पासून भूमध्य समुद्रातही तेवढाच. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघालेल्या जहाजाला या हद्दीत शिरण्याआधी तेल बदलावं लागतं, आणि ते नुसता कॉक फिरवण्याइतकं सोपं नाही. जड तेल इंजिनात जाताना बहुधा शंभर अंशांच्या वर तापवलेलं असतं. डिझेलसारखं हलकं गॅस ऑइल तेवढं तापलं तर पाण्यासारखं पातळ होतं, पंपाच्या घट्ट बसलेल्या भागांना त्याचं वंगण मिळत नाही आणि पंप जाम होतो. म्हणून तापमान मिनिटाला दोन अंशांच्या आसपासच उतरवतात. घाई केली, तर अरुंद वाटेत इंजिनच बंद पडण्याची भीती असते. बदल पूर्ण झाल्याची वेळ, जागा आणि टाक्यांमधला साठा नोंदवहीत लिहावा लागतो.

भारताच्या किनाऱ्यावर असं कडक क्षेत्र नाही, त्यामुळे इथे अर्धा टक्का चालतो. युरोपातल्या बंदरांत मात्र दोन तासांहून जास्त थांबणाऱ्या जहाजांना 2010 पासून धक्क्यावर 0.1 टक्क्याचंच तेल वापरावं लागतं. तोच नियम इथे लावला तर आपल्या जहाजाचे दिवसाचे 50 किलो 10 वर येतील. खर्च वाढेल, कारण गॅस ऑइल महाग. पण तो फक्त धक्क्यावरच्या थांब्यापुरता, आणि युरोपच्या वाटेवरच्या बहुतेक जहाजांकडे ते तेल वेगळ्या टाकीत असतंच. काजळीचं प्रमाण मात्र या कुठल्याच नियमात नाही. मर्यादा आहे ती गंधकाला. गॅस ऑइल स्वच्छ जळतं म्हणून काजळी थोडी घटेल, पण तेल फवारणारे इंजेक्टर झिजलेल्या जुन्या जनरेटरने 0.1 टक्क्याचं तेल जाळून काळा धूर सोडला, तरी कागदावर ते जहाज नियमात बसतं.