बदकाचं पिल्लू आणि ‘पहिली दिसेल ती आई’

“अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिलं जे हलताना दिसेल, त्यालाच पिल्लू आई समजतं ना?”

अर्धंच खरं. डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात. कवच फुटण्यापूर्वीच पिल्लू आतून चिवचिवतं, भावंडांचे आवाज ऐकतं. अमेरिकेतले संशोधक गिल्बर्ट गॉटलिब यांनी यंत्रात उबवलेल्या, आईचा आवाज कधीच न ऐकलेल्या पिल्लांना बदकिणीची आणि कोंबडीची साद ऐकवली. पिल्लं बदकिणीकडेच वळली! अंड्यात असतानाच ज्यांचा स्वतःचा आवाज बंद करून ज्यांना एकटं ठेवलं, ती पिल्लं मात्र गोंधळली.

माणसाच्या मागे लागतात ती पिल्लं आईविना वाढवलेली. त्यांना साद घालणारं कुणी नसतं. शिवाय पहिल्या नजरेत सगळं ठरत नाही. मागे चालत राहिल्याने ओळख पक्की होते, आणि मॅलार्ड बदकात ती जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या सुमारास सर्वांत घट्ट बसते.