फडफडणारी ट्यूब: दोष ट्यूबचा की स्टार्टरचा?

ट्यूब फडफडायला लागली की घरातलं कुणीतरी स्टूल ओढतं आणि स्टार्टर बदलतं. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा फडफड सुरू. पुन्हा नवा स्टार्टर. या सगळ्या काळात ट्यूबची दोन्ही टोकं काजळी धरल्यासारखी काळी झालेली असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. उलटंही होतं: टोक काळं दिसलं की लगेच ट्यूब फेकायची, नवी आणायची, आणि महिन्याभरात तिचीही टोकं काळी पडली की कंपनीच्या नावानं ओरडायचं. दोन्ही ठिकाणी पैसे जातात आणि खरा दोषी जागेवरच राहतो.

मी इथे चार फुटी, 36 किंवा 40 वॅटच्या, तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या पट्टीबद्दल मुख्यतः बोलणार आहे, कारण घोळ तिथेच होतो. इलेक्ट्रॉनिक चोकचं शेवटी. आजकाल ट्यूबच्या आकारात मिळणाऱ्या एलईडी पट्टीचा यात काही संबंध नाही. तिच्यात तापणारी तार नसते, त्यामुळे टोकं काळी पडण्याचा हा प्रकारही नसतो.

पट्टीची रचना बहुतेकांना माहीत असते. चोक ट्यूबच्या ओळीत जोडलेला, स्टार्टर ट्यूबच्या दोन टोकांमध्ये. बटण दाबलं की स्टार्टरमधली पट्टी गरम होऊन चिकटते, दोन्ही टोकांच्या तारांमधून वीज वाहते, त्या तापतात. मग पट्टी थंड होऊन सुटते, त्या क्षणी चोक जोराचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. एकदा पेटली की चालू ट्यूबवर साधारण शंभर-एकशे दहा व्होल्टच राहतात, आणि तेवढ्यावर स्टार्टर पुन्हा जागा होत नाही.

या शेवटच्या वाक्यातच सगळं आहे. पेटलेल्या ट्यूबमध्ये स्टार्टरला कामच नसतं. तो काढून खिशात टाकला तरी ट्यूब तशीच चालू राहिली पाहिजे. म्हणून ट्यूब पेटल्यानंतर मिचमिचत असेल, तर दोष कुणाचा हे स्टार्टर बदलून नाही, स्टार्टर काढून कळतं.

ट्यूब पेटलेली असताना, हात कोरडे ठेवून, लाकडी स्टुलावर उभं राहून, प्लास्टिकच्या टोपीला धरून स्टार्टर उलट्या दिशेने जरा फिरवा आणि बाहेर काढा. स्टार्टरची टोपी धातूची असेल तर चालू पट्टीत हात घालू नका, वायरमनला बोलवा. आता ट्यूबकडे बघा. स्टार्टर निघाल्यावर उजेड शांत, स्थिर झाला, तर ट्यूब चांगली आहे आणि स्टार्टर खराब होता. तो इतका हळवा झाला होता की चालू ट्यूबच्या कमी व्होल्टेजवरही पेटून पुन्हा पुन्हा तारा तापवत होता. पण स्टार्टर काढल्यावर ट्यूब विझली किंवा तशीच लपलपत राहिली, तर नव्या स्टार्टरवर पैसे घालू नका. जो भाग बाहेर तुमच्या हातात आहे, तो आत फडफड करूच शकत नाही.

आणखी एक खूण इथेच सांगतो. दोन्ही टोकं सतत लालसर-पांढरी जळत आहेत, मधला भाग अंधारा आहे, काहीच लुकलुकत नाही, असं दिसलं तर स्टार्टरचे संपर्क चिकटून बसलेले असतात, किंवा त्याच्यातला छोटा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. अशा वेळी स्टार्टर काढताना जो खंड पडतो, तोच झटका देतो, आणि बहुतेक वेळा ट्यूब त्याच क्षणी पेटते. पहिल्यांदा पेटली नाही तर स्टार्टर लावून परत काढून बघा, कारण झटका किती जोराचा बसतो हे वीज नेमकी कुठल्या क्षणी तुटली यावर असतं. हे दृश्य तासन्‌तास चालू ठेवलं तर चांगली ट्यूबही टोकाला काळी होते. म्हणजे काळेपणा स्टार्टरमुळेही येऊ शकतो, पण तेव्हा मधला भाग अंधारा असतो.

आता जुनी ट्यूब. टोकाच्या तारांवर बेरियम वगैरेंचा एक थर असतो, त्यातूनच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रत्येक वेळी पेटवताना तो थोडा उडतो आणि काचेवर बसतो. म्हणून सारखी चालू-बंद होणारी बाथरूमची ट्यूब दिवाणखान्यातल्या ट्यूबपेक्षा लवकर म्हातारी होते. थर संपला की ट्यूब पेटती ठेवायला जास्त व्होल्टेज लागतं, ते वाढलेलं व्होल्टेज स्टार्टरला दिसतं, आणि तो इमानदारीनं पुन्हा पेटतो. म्हणजे लुकलुकतो तो स्टार्टर, पण त्याला लुकलुकायला लावते ती ट्यूब. नवा स्टार्टर चार दिवस चालतो तो याच कारणाने: तो जुन्यापेक्षा जरा निबर असतो, एवढंच.

टोकापासून दोन-तीन इंचांवर पुसट राखाडी किंवा तपकिरी कडी असेल तर घाबरू नका, ती चांगल्या ट्यूबवरही येते. काळजी करायची ती अगदी टोकाला, धातूच्या टोपीला लागून बसलेल्या, आरपार न दिसणाऱ्या काळ्या डागाची. आणि अगदी नवी ट्यूब पहिल्या काही तासांत सापासारखी वळवळली, तर तीही परत करू नका. चालू ठेवली की बहुधा थांबते.

बऱ्याचदा ट्यूबचं एकच टोक आधी संपतं. हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण लोक महिनोन्‌महिने तशीच चालवतात. एका टोकातून इलेक्ट्रॉन नीट निघत नसले की वीज एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वाहते. डोळ्यांना सेकंदाला पन्नासदा होणारी ती थरथर जाणवते, आणि चोकमधून एकाच दिशेचा जादा प्रवाह जाऊन तो भलताच तापतो, घरघरतो. चांगला चोकही हात ठेवून धरवत नाही इतका गरम होतो, ते ठीकच आहे. पण जळलेल्या वॉर्निशचा वास किंवा वाढती घरघर आली, तर ती थरथरती ट्यूब त्याच दिवशी उतरवा. एक म्हातारी ट्यूब वाचवण्यासाठी चोक जाळण्यात काही अर्थ नाही.

चोककडे कधी बघायचं, त्यासाठी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. नवी ट्यूब लावून तीन आठवडे झाले होते आणि दोन्ही टोकं सारखीच काळी झाली होती. काकूंचं म्हणणं, “दुकानदारानं खोटा माल दिला.” स्टार्टर काढला तरी ट्यूब स्थिर चालू होती, म्हणजे स्टार्टर निर्दोष. मग मेन बंद करून ती ट्यूब उतरवली आणि त्यांच्याच झोपायच्या खोलीतल्या चांगल्या पट्टीत लावली. तिथे ती पहिल्या दमात पेटली आणि शांत जळत राहिली, म्हणजे ट्यूबमध्ये अजून जीव होता. काळेपणा तिनं स्वतः कमावलेला नव्हता, कुणीतरी तिच्या तारा गरजेपेक्षा जास्त तापवत होतं. वायरमननं क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या पट्टीत 0.6 अँपिअरच्या वर वीज जात होती. चार फुटी ट्यूबला 0.43 अँपिअर लागते. चोकच्या आतले काही वेढे एकमेकांना चिकटले होते आणि तो वीज अडवायचं काम नीट करत नव्हता. चोक बदलला, तीच ट्यूब परत लावली. टोकं काळी राहिली, पण त्यापुढे डाग वाढला नाही.

यात क्रम महत्त्वाचा आहे. संशयित ट्यूब चांगल्या पट्टीत न्यायची, चांगली ट्यूब संशयित पट्टीत नाही. बहुतेक जण उलटं करतात. चोक शॉर्ट असेल तर तुमची चांगली ट्यूब टोकाला लख्ख पांढरी होऊन क्षणात जाते, आणि मग दोन मेलेल्या ट्यूब हातात घेऊन तुम्ही पुन्हा दुकानात. चोकची तार पूर्ण तुटली असेल तर प्रश्नच सोपा आहे: ना फडफड, ना टोकाला उजेड, काहीच नाही.

गावाकडे संध्याकाळी ट्यूब मिचमिचते आणि रात्री अकरानंतर आपोआप सुरळीत होते, तेव्हा कशालाच हात लावू नका. तेव्हा व्होल्टेज कमी असतं, एवढंच. वरच्या सगळ्या चाचण्या पूर्ण व्होल्टेज असतानाच करायच्या, नाहीतर चांगली ट्यूबही स्टार्टर काढल्यावर विझेल आणि तुम्ही तिला म्हातारी ठरवाल. होल्डर सैल असल्याची शंका असेल, तर ट्यूबची टोकं अदलाबदल करून लावा. त्रास भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर होल्डर, ट्यूबबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर ट्यूब.

इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्टीत स्टार्टर नसतोच, तरी दुकानात जाऊन “याचा स्टार्टर द्या” म्हणणारे भेटतात. तिथे वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते, त्यामुळे चांगल्या ट्यूबमध्ये डोळ्यांना जाणवणारी थरथर नसते. दोन्ही टोकं नुसती जळतात आणि मधला भाग अंधारा राहतो, असं झालं तर ट्यूबच्या दोन टोकांना जोडलेला कपॅसिटर शॉर्ट झाला असण्याचा संभव मोठा. वर सांगितलेल्या चिकटलेल्या स्टार्टरचंच हे दुसरं रूप, फक्त इथे काढायला काही नसतं. नियमित अंतरानं पेटणं-विझणं चालू असेल, तर आधी ट्यूब बदलून बघा, कारण संरक्षण असलेला चोक जुनी ट्यूब ओळखून बंद होतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. स्वस्तातल्या चोकमध्ये ते संरक्षण नसतं, तो म्हाताऱ्या ट्यूबला ढकलत राहतो आणि स्वतःच जातो. शिवाय असे बरेच चोक तारा आधी न तापवताच ट्यूब पेटवतात, म्हणून त्यांच्यावरच्या ट्यूबची टोकं लवकर काळी पडतात. नवा घेताना आधी तारा तापवणारा मागून घ्या, जरा महाग पडला तरी.

आणि तो उघडून बघायचा मोह टाळा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर बटण बंद केल्यानंतरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात.