एकाच गावाची वसुली किती दिवसांत होते? MEDIANIF नसताना मध्यक काढण्याची रीत

आमच्याकडून दरमहा आपल्याला वसुलीची एक्सेल फाइल येते. तिच्यात B कॉलममध्ये गाव असते आणि C कॉलममध्ये बिलाच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतचे दिवस. "कराडचे दुकानदार साधारण किती दिवसांत पैसे देतात?" हा प्रश्न आपल्यापैकी बरेच जण विचारतात. त्याचे उत्तर सरासरीत शोधू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

समजा, 2 ते 12 या ओळींत 11 बिले आहेत: 4 साताऱ्याची आणि 7 कराडची. साताऱ्याचे दिवस 41, 35, 48 आणि 30. कराडच्या 5 बिलांचे पैसे 18, 22, 160, 25 आणि 31 दिवसांनी आले, उरलेल्या 2 बिलांचे अजून यायचे आहेत, म्हणून ते रकाने रिकामे आहेत. आलेल्या पाच बिलांची सरासरी 51.2 दिवस निघते, पण त्यातल्या चौघांनी 31 दिवसांच्या आत पैसे दिलेले आहेत. एका 160 ने आकडा फुगवला. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 25 आहे.

सरासरीसाठी एक्सेलमध्ये AVERAGEIF आहे, मध्यकासाठी तसे तयार फंक्शन नाही. म्हणून आधी IF ने हवे ते आकडे निवडायचे आणि मग ते MEDIAN ला द्यायचे. E2 मध्ये "कराड" लिहा आणि F2 मध्ये हे सूत्र:

```
=MEDIAN(IF($B$2:$B$12=E2,IF($C$2:$C$12<>"",$C$2:$C$12)))
```

अट न जुळणाऱ्या ओळीसाठी IF कडून FALSE येते आणि MEDIAN ते मोजत नाही. म्हणून "नाहीतर काय" हा भाग मुद्दाम सोडलेला आहे. तिथे 0 लिहिलेत तर साताऱ्याची चारही बिले शून्य दिवसांची म्हणून मोजली जातील. आणखी अट घालायची असेल तर याच पद्धतीने आत आणखी एक IF घाला. AND वापरू नका, ते सगळ्या ओळींचे मिळून एकच उत्तर देते.

एक्सेल 2019 किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर सूत्र लिहून कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवत एंटर करा. सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप दिसले की काम झाले. ओळ 2 मध्ये कराडचे वसूल झालेले बिल असेल, तर नुसते एंटर केल्यास इथे 25 ऐवजी 31 येते, कारण एक्सेल फक्त त्याच ओळीतले गाव तपासते आणि मग सगळ्या कॉलमचा मध्यक देते. चूक झाल्याची कोणतीही सूचना येत नाही, म्हणून कंस बघायची सवय ठेवाच. 2021 आणि 365 मध्ये साधे एंटर पुरते.

दुसरा IF रिकाम्या रकान्यांसाठी आहे. तो नसेल तर न आलेली दोन बिले शून्य दिवसांत वसूल झाल्यासारखी धरली जातात आणि मध्यक 22 वर उतरतो. बुडण्याच्या बेतात असलेली उधारी आपली वसुली चांगली दाखवते, ही गोष्ट व्यापाऱ्याला महागात पडू शकते.

पण खरे पाहता थकलेली बिले गाळून टाकणेही पुरेसे नाही. त्या दोन बिलांना समजा आजच 60 दिवस झाले आहेत. म्हणजे पैसे कधीही आले तरी आकडा 60 च्या वरच असणार. मध्यकाला तेवढी माहिती पुरते, कारण त्याला फक्त क्रम लागतो. रिकाम्या जागी 999 धरा:

```
=MEDIAN(IF($B$2:$B$12=E2,IF($C$2:$C$12="",999,$C$2:$C$12)))
```

आता सात बिलांतले चौथे, म्हणजे 31 दिवस, हे उत्तर येते. कराडला उधार देताना आम्ही 25 नव्हे, 31 धरू. मात्र प्रत्येक थकीत बिल आलेल्या उत्तरापेक्षा जुने असायला हवे. कालच केलेले बिल यात धरता येणार नाही, ते यादीतून बाजूला ठेवा. शिवाय थकीत बिले निम्म्याहून कमी असावीत, नाहीतर उत्तरच 999 येईल किंवा 999 मुळे फुगेल.

पडताळणीसाठी यादीच्या खाली, एक ओळ मोकळी सोडून, हे लिहा आणि B कॉलमला कराडचा फिल्टर लावा:

```
=AGGREGATE(12,5,C2:C12)
```

हे फक्त दिसणाऱ्या ओळींचा मध्यक देते आणि रिकामे रकाने सोडते, म्हणून ते पहिल्या सूत्राशी, 25 शी, जुळायला हवे. जुळले नाही तर गावाच्या नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागा तपासा. "कराड" आणि मोकळ्या जागेसह "कराड" ही एक्सेलला दोन वेगळी गावे वाटतात. सूत्रात #NUM! दिसले तर त्या नावाची एकही ओळ जुळलेली नाही, किंवा त्या गावाचे एकही बिल अजून वसूल झालेले नाही.