पॅनेलच्या चाचणीत नुसतं 'ओके' पुरेनासं कसं झालं

नव्या मशीनचं कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्याच्या कारखान्यातून बाहेर पडण्याआधी ग्राहकाच्या माणसासमोर त्याची चाचणी होते. तिला फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट म्हणतात, बोलताना नुसतं 'फॅट'. या चाचणीचा आराखडा पहिल्यांदा हातात पडला की तो जरा विचित्र वाटतो. एका पानावर अर्थिंगचं ओहममधलं माप मागितलेलं असतं. दुसऱ्या पानावर चालू मशीनची एकच वायर काढायला सांगितलेली असते. शेवटी कुठेतरी प्रोग्रॅमचा चेकसम, म्हणजे प्रोग्रॅम बदलला की बदलणारा आकडा, लिहायला एक रकाना असतो. एकाच माणसाने सलग बसून हे लिहिलं असेल असं वाटत नाही, आणि तसं ते झालेलंही नाही. पानं वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी जोडली गेली. ती कारणं माहीत असली की कोणत्या रकान्यात नेमकं काय लिहायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

रिलेच्या काळात पॅनेलची चाचणी म्हणजे वायरिंगची चाचणी होती. मशीनने काय केल्यावर काय करायचं हे सगळं वायरींमध्येच होतं. दरवाजा बंद असेल तरच मोटर सुरू व्हावी, तर दरवाज्याच्या स्विचची वायर मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत प्रत्यक्ष जायची. वायरमन एका हातात बझर आणि दुसऱ्या हातात ड्रॉइंग घेऊन बसायचा आणि तपासलेली प्रत्येक रेघ पिवळ्या मार्करने रंगवायचा. पूर्ण ड्रॉइंग पिवळं झालं की पॅनेल तपासून झालं. ही पद्धत बाळबोध वाटते, पण त्या काळापुरती ती जवळपास परिपूर्ण होती, कारण ते पिवळं ड्रॉइंगच पुरावा होतं. मशीनचं वागणं त्याच्याबाहेर फारसं कुठे नव्हतंच.

हे बदललं 1968 नंतर. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला गाडीचं मॉडेल बदललं की रिलेची पॅनेल्स उपसून नव्याने वायरिंग करावं लागायचं, म्हणून त्यांनी वायर न बदलता तर्क बदलता येईल असं उपकरण मागितलं. बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मोर्ली आणि सहकाऱ्यांनी ते बनवलं. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून नाव पडलं 'मोडिकॉन 084'. पीएलसीची, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या अशा कंट्रोलरची, सुरुवात साधारण इथून धरतात. इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून प्रोग्रॅम मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखा, शिडीच्या आकारात ठेवला गेला. चाचणीच्या दृष्टीने त्यात एक फसगत होती. शिडी दिसायला तीच, पण आता ती वायरींमध्ये नव्हती. ड्रॉइंग संपूर्ण पिवळं केलं तरी त्यातून इतकंच कळायचं की अमुक स्विच पीएलसीच्या अमुक इनपुटपर्यंत पोहोचतो. पुढे काय होतं ते प्रोग्रॅममध्ये, आणि प्रोग्रॅम रात्रीतून बदलता येतो. सकाळी तीच वायरिंग, तेच ड्रॉइंग, वेगळं मशीन.

म्हणून आज फॅटच्या पहिल्या पानावर पॅनेलच्या अनुक्रमांकाशेजारी ड्रॉइंगची रिव्हिजन, पीएलसी, ऑपरेटरचा स्क्रीन म्हणजे एचएमआय आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह यांच्या प्रोग्रॅमची आवृत्ती आणि जिथे उपलब्ध असेल तिथे चेकसम किंवा सेफ्टी सिग्नेचर लिहितात. हे चाचणी सुरू होताना एकदा आणि संपताना पुन्हा लिहायचं असतं. दोन्ही आकडे वेगळे निघाले तर मधल्या वेळात कुणीतरी प्रोग्रॅमला हात लावला आहे, आणि तोवर झालेल्या चाचण्यांपैकी कोणत्या पुन्हा करायच्या हे तिथेच ठरवावं लागतं. फोर्स केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने चालू किंवा बंद धरलेल्या, बिटांची यादीही शेवटी स्क्रीनवरून टिपून घ्यावी. सेन्सर नाही म्हणून इनपुट सॉफ्टवेअरमधून फोर्स करणं सोपं असतं, पण त्यात टर्मिनलपासून इनपुट कार्डापर्यंतची वायर तपासलीच जात नाही. टर्मिनलवर साधा स्विच लावून इनपुट दिलं तर तीही तपासली जाते. कोणत्या ओळीत यातलं काय केलं, हे त्या ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे.

अर्थिंगच्या पानाचा इतिहास वेगळा आहे. मशीनच्या विद्युत उपकरणांसाठी आयईसी 60204-1 हे मानक आहे. 1992 सालच्या आवृत्तीत अर्थच्या जोडणीतून किमान 10 अँपिअर करंट सोडून व्होल्टेज किती पडतं ते पाहायला सांगितलं होतं. 2005 च्या आवृत्तीपासून 0.2 ते साधारण 10 अँपिअर चालतो, पण एक अट आली: मोजलेला रोध वायरची लांबी, जाडी आणि धातू यांवरून जितका अपेक्षित आहे त्याच पट्ट्यात असावा. याचा अर्थ अपेक्षित आकडा मोजण्याच्या आधी कागदावर हवा.

पॅनेलच्या दरवाज्याचं उदाहरण घेऊ. अर्थबारपासून दरवाज्यापर्यंत 6 चौरस मिलिमीटर तांब्याची 40 सेंटीमीटर लवचिक पट्टी आहे. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण 3 मिलीओहम, म्हणजे पट्टीचा सव्वा मिलीओहमच्या आसपास. दोन्ही टोकांच्या लगचा संपर्क धरून काही मिलीओहम सोडून द्यावेत. आता मीटरने 0.4 ओहम दाखवला तर? मल्टीमीटरचा बझर अशा जोडणीवर खुशाल वाजतो, कारण तो कित्येक ओहमपर्यंत वाजतच असतो. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात इथे 'ओके' लिहिलं गेलं असतं. प्रत्यक्षात लगच्या खाली रंग राहिलेला असतो आणि संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांमधून मिळत असतो. म्हणून या रकान्यात आकडा, टेस्ट करंट, मीटरचा क्रमांक, त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत आणि लीडचा रोध वजा केला की नाही, एवढं तरी असावं. लीड वजा न केल्यामुळे चांगली जोडणी वाईट दिसते आणि मग माणसं वाईट आकड्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतात. हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मेगरबद्दल थोडक्यात. 'मेगर' हे नाव 1903 पासूनचं, आणि चाचणी आजही तत्त्वतः तीच: 500 व्होल्ट डीसी, पॉवर सर्किट ते अर्थ, किमान 1 मेगओहम. पण ही मर्यादा सगळ्या मशीनसाठी आहे. कोरड्या, नव्या पॅनेलवर शेकडो मेगओहम यायला हवेत. 3 मेगओहम आले तर मानकाने पास, तरी कुठेतरी काहीतरी आहे. नुसत्या 'पास' शब्दात हे दिसत नाही. शिवाय सर्ज अरेस्टर किंवा ड्राइव्ह बाजूला काढून मेगर मारला असेल, तर काय काढलं आणि परत कुणी जोडलं याच्या दोन सह्या हव्यात. परत न जोडलेला अरेस्टर पुढच्या कोणत्याही चाचणीत सापडत नाही.

सर्वांत जास्त बदल इमर्जन्सी स्टॉप आणि गार्डच्या पानावर झाला. पूर्वी बटण दाबायचं, मशीन थांबलं की खूण करायची. इंटरलॉक वायरमधून सॉफ्टवेअरमध्ये नेल्याने काय होऊ शकतं याचं कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे थेरॅक-25 हे किरणोपचाराचं यंत्र. 1985 ते 1987 मध्ये त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. आधीच्या थेरॅक-20 मध्येही तशा सॉफ्टवेअरच्या चुका होत्या, पण तिथे स्वतंत्र हार्डवेअर इंटरलॉक असल्याने कुणाला इजा झाली नाही. मशीनच्या जगाने बरीच वर्षं सावध भूमिका ठेवली. 60204-1 च्या 1997 च्या आवृत्तीत पुरवठा ताबडतोब तोडणाऱ्या इमर्जन्सी स्टॉपसाठी हार्डवायर्ड इलेक्ट्रोमेकॅनिकल भागच हवे होते. दरम्यान 1996 च्या ईएन 954-1 ने वेगळा प्रश्न पुढे आणला: त्या सर्किटमधला एक भाग आधीच बिघडलेला असेल तर काय होईल? तिथून फॅटमध्ये मुद्दाम बिघाड घडवून पाहणाऱ्या ओळी आल्या.

समजा, गार्डच्या दरवाज्याला दोन चॅनेलचा स्विच आहे, तो सेफ्टी रिलेला जातो, आणि रिले K1 आणि K2 हे एकामागे एक जोडलेले दोन कॉन्टॅक्टर पाडतो. दोन्ही कॉन्टॅक्टरचे मिरर कॉन्टॅक्ट, म्हणजे कॉन्टॅक्टर पडलेला असतानाच बंद राहणारे सहाय्यक कॉन्टॅक्ट, रिलेच्या फीडबॅक लूपमध्ये आहेत. K1 चे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले तर लूप उघडा राहतो आणि रिले पुढचं रिसेट घेत नाही. तोवर K2 मोटर थांबवत असतो.

आता टेबलावर पॅनेल जोडताना वायरमनने सोयीसाठी फीडबॅकच्या दोन टर्मिनलमध्ये जंपर टाकला आणि तो तसाच राहिला. दरवाजा उघडा, मोटर थांबते. बंद करून रिसेट द्या, चालू होते. शंभर वेळा करा, शंभर वेळा बरोबर. चॅनेल एक काढून पाहा, तेही बरोबर. बिघाड दिसायला एकच ओळ लागते: मोटर थांबलेली असताना K1 च्या मिरर कॉन्टॅक्टची वायर टर्मिनलवरून काढा आणि रिसेट दाबा. रिलेने ते घेता कामा नये. घेतलं तर जंपर सापडला. ही ओळ K2 साठी स्वतंत्रपणे पुन्हा करायची, कारण ड्रॉइंगमध्ये दोन कॉन्टॅक्ट असूनही वायरिंगमध्ये एकच लूपमध्ये असण्याची चूकही होते.

इथे पुरावा म्हणून 'फीडबॅक ओके' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. कोणत्या टर्मिनलवरून कोणत्या फेरूल क्रमांकाची वायर काढली, रिसेट दाबल्यावर रिलेचे कोणते दिवे लागले, K1 आणि K2 उचलले गेले का, वायर परत लावून स्क्रू कुणी आवळला, ही चार वाक्यं हवीत. अपेक्षित निकाल चाचणीआधी छापलेला असावा. नाहीतर रिले उचलला गेल्यावर 'असंच असायला हवं' हे पटवून देणारा कुणीतरी खोलीत असतोच. जंपर सापडला तर ती ओळ 'फेल' म्हणूनच ठेवायची, खोडायची नाही. खाली नवी ओळ: काय बदललं, ड्रॉइंगवर लाल पेनने काय सुधारलं, पुन्हा चाचणीचा निकाल. फोटो काढला तर त्यात टर्मिनलचा क्रमांक वाचता आला पाहिजे. दरवाजा उघडून घेतलेल्या देखण्या फोटोतून काही सिद्ध होत नाही.

प्रोसेस उद्योगातल्या ऑटोमेशनसाठी कारखान्यातली चाचणी आणि साइटवरची चाचणी यांची हद्द 2006 मध्ये आयईसी 62381 या मानकाने आखून दिली, आणि मशीनच्या पॅनेलसाठीही तीच वाटणी सोयीची पडते. मोटरला फॉल्ट झाल्यावर ब्रेकर किती वेळात पुरवठा तोडेल हे साइटवरच्या पुरवठ्याच्या इम्पिडन्सवर अवलंबून असतं, म्हणून ते कारखान्यात सिद्ध होत नाही. त्या ओळीपुढे 'साइटवर' असं लिहून ती मोकळी ठेवायची. पॅनेल वाहतुकीसाठी दोन भागांत सोडवलं जाणार असेल, तर सांध्यावरच्या अर्थची ओळही तिथेच जाते, कारखान्यात घेतलेल्या आकड्यासकट.