स्रोतवही (संशोधनारंभीचे मार्गदर्शन)

संशोधनाच्या काळात पाहिलेल्या प्रत्येक साधनाची, ते पुढे उपयोगी पडो वा न पडो, पाहिल्याच्याच दिवशी केलेली क्रमवार नोंद म्हणजे स्रोतवही. पीएच.डी.साठी नव्याने नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना विषयाचा आराखडा पक्का होण्याआधीच मार्गदर्शक या वहीविषयी जे सांगतात, त्याचा आशय या नोंदीत दिला आहे. उदाहरणे ठाणे जिल्ह्यावर आणि नवी मुंबईवर काम करणाऱ्या सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांपुढची आहेत. या परिसराच्या हद्दी वारंवार बदलल्या असल्यामुळे नोंद न ठेवल्याचे परिणाम येथे लवकर आणि ठळकपणे दिसतात.

स्रोतवही आणि संदर्भसूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मार्गदर्शकाच्या बोलण्याची सुरुवात बहुधा याच भेदापासून होते. संदर्भसूची प्रबंधाच्या शेवटी येते, वर्णानुक्रमाने लागते आणि तिच्यात वापरलेलीच साधने असतात. स्रोतवही तारखेप्रमाणे चालते आणि तिच्यात हाती न लागलेली साधनेही असतात. एखाद्या विद्यार्थिनीने ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, 1893 साली स्थापन झालेल्या जुन्या संग्रहात एका साप्ताहिकाचे अंक शोधले आणि हवे असलेले वर्ष तिला मिळाले नाही, तर कोणती वर्षे पाहिली, कोणत्या सूचीत शोधले आणि काय मिळाले नाही, एवढे तिने त्याच संध्याकाळी लिहून ठेवायचे असते. दोन वर्षांनी मौखिक परीक्षेत ‘या काळातली वृत्तपत्रे का पाहिली नाहीत?’ असा प्रश्न आला, तर उत्तर त्या ओळीत असते. ती ओळ नसेल, तर शोधूनही न मिळालेले साधन आणि मुळीच न शोधलेले साधन यांच्यातला फरक परीक्षकाला दाखवता येत नाही.

वही पहिल्या दिवसापासूनच का ठेवायची, याचे कारण संशोधनाच्या घडणीत आहे. सुरुवातीच्या महिन्यांत विद्यार्थी पुष्कळ वाचतो, पण त्याचा प्रश्न अजून नेमका झालेला नसतो. त्यामुळे कोणते वाक्य, कोणता तक्ता पुढे आधारभूत ठरणार आहे हे त्याला तेव्हा कळणे शक्य नसते. प्रश्न नेमका होतो तेव्हा ज्या मजकुराची आठवण येते, तो नेमका याच सैल काळात वाचलेला असतो. ‘कुठेतरी वाचले होते’ एवढेच हाती उरते, आणि ते कुठेतरी शोधण्यात आठवडे जातात. ‘महत्त्वाचे वाटेल तेव्हा नोंदवू’ हा बेत म्हणूनच फसतो. पहिली पन्नास साधने निवड न करता नोंदवण्याचा आग्रह मार्गदर्शक धरतात तो यासाठी.

वहीचे रूप साधे असावे. एक्सेलचा तक्ता किंवा रेघा मारलेली जाड वही, दोन्ही चालतात. प्रत्येक साधनाला चढत्या क्रमाने एक क्रमांक द्यायचा आणि तो पुन्हा कधीही दुसऱ्या साधनाला द्यायचा नाही, नोंद रद्द केली तरीही. त्यापुढे पाहिल्याची तारीख, साधनाचे पूर्ण वर्णन, ते कोणत्या रूपात पाहिले, मजकुराचा नेमका ठाव आणि तो कशासाठी पाहिला याची एक ओळ, इतके पुरते. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांच्या फाइलींना तोच क्रमांक द्यावा. चौदाव्या साधनाच्या 32व्या पानाचे छायाचित्र `S014_p032.jpg` या नावाने ठेवले की ते शेकडो फोटोंमधूनही सापडते. मोबाइलने आपोआप दिलेल्या नावाने ठेवलेले छायाचित्र कोणत्या दप्तरातले हे सहा महिन्यांनी ते काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

साधनाचे रूप लिहिण्याची गरज नवख्यांना पटत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे योग्य होईल. ठाण्याच्या अभ्यासकाला जवळजवळ हमखास लागणारे साधन म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या ब्रिटिशकालीन सरकारी ग्रंथमालेचे, 1882 साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे खंड, म्हणजे दोन भागांचा तेरावा खंड आणि स्थळवर्णनाचा चौदावा. हे खंड मूळ छापील प्रतीत, पुनर्मुद्रणात, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आणि संकेतस्थळावर नव्याने टंकलेल्या रूपात वाचता येतात. स्कॅनमध्ये पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा मुखपृष्ठापासून मोजलेला असतो, म्हणून तो छापील पानाशी जुळत नाही. टंकलेल्या रूपात तर मूळ पृष्ठांकच नसू शकतो, आणि टंकताना आकड्यांत चुका शिरू शकतात. वहीत नुसते ‘ठाणे गॅझेटियर, पान 371’ असे असेल, तर ते पान कोणत्या रूपातले हे शोधायला सगळी रूपे पुन्हा उघडावी लागतात. ‘खंड 13, भाग 1, छापील पान अमुक, स्कॅन पाहिला’ असे लिहायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

या परिसरासाठी मार्गदर्शक आणखी एक रकाना सुचवतात, तो म्हणजे साधनातल्या भूभागाची हद्द कोणत्या तारखेची आहे याचा. 1882च्या गॅझेटियरमधल्या ‘ठाणे जिल्ह्यात’ पनवेल आणि कर्जत होते, तसेच आज मुंबई उपनगरात मोडणारी साष्टीची गावेही होती. 1 ऑगस्ट 2014 रोजी या जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पंधरा तालुक्यांपैकी आठ पालघरकडे गेले आणि सात ठाण्यात राहिले. ‘ठाणे जिल्हा’ हे नाव तेच राहिले आणि नावाखालची जमीन बदलत गेली.

हे एका उदाहरणाने पाहू. एक विद्यार्थी जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांवर काम करतो आहे असे समजा. पहिल्या वर्षी त्याने 2011च्या जनगणनेतून ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 अशी टिपली. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका सरकारी पुस्तिकेतून त्याने 2011चीच लोकसंख्या 80,70,032 अशी घेतली. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रकरणांत गेले, आणि दोन्हींपुढे ‘जनगणना 2011’ एवढाच संदर्भ होता. ग्रंथालये 500 धरली, तर पहिल्या आकड्याने दर लाख लोकांमागे सुमारे साडेचार आणि दुसऱ्याने सुमारे सव्वासहा ग्रंथालये येतात. या तफावतीवरून ‘जिल्ह्यात ग्रंथालयांची उपलब्धता सुधारली’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो पूर्णपणे चुकीचा ठरेल. त्या काळात एकही ग्रंथालय वाढलेले नसेल, फक्त भागाकारातला छेद बदललेला असेल.

चूक ओळखण्याची रीत वहीच दाखवते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या आणि एक आकडा दुसऱ्यातून वजा केला की 29,90,116 उरतात. ही 2011च्या जनगणनेतली पालघर जिल्ह्यात गेलेल्या तालुक्यांची लोकसंख्या आहे. म्हणजे दोन्ही आकडे बरोबरच आहेत. एक अविभाजित जिल्ह्याचा आहे आणि दुसरा विभाजनानंतरच्या हद्दीवर पुन्हा मांडलेला. हद्दीच्या रकान्यात ‘अविभाजित’ आणि ‘2014नंतरची’ असे दोन शब्द लिहिलेले असते, तर ही वजाबाकी करायची वेळच आली नसती. शिवाय ग्रंथालयांची संख्या कोणत्या हद्दीतली आहे, हा मूळ प्रश्न लगेच पुढे आला असता, आणि खरी दुरुस्ती तिथेच करायची आहे. अंश आणि छेद एकाच हद्दीचे असल्याखेरीज कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने येते. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 साली झाली आणि नियोजित शहराची जमीन तेव्हाच्या ठाणे व कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, या दोन जिल्ह्यांत पसरलेली होती. नवी मुंबई महानगरपालिका 1992 साली अस्तित्वात आली आणि तिची हद्द ठाणे जिल्ह्यात आहे, तर खारघर, कामोठे, कळंबोली हे सिडकोने वसवलेले भाग रायगड जिल्ह्यात असून 2016पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत. 2011च्या जनगणनेत ‘नवी मुंबई’ हे शब्द ज्यांच्या नावात आहेत अशा दोन वेगळ्या नागरी नोंदी आढळतात, त्यामुळे आकडा कोणत्या नोंदीतला हे वहीत उतरवले नाही, तर पुढे नावावरून ते ओळखता येत नाही.

यानंतर मार्गदर्शक शब्दांच्या नोंदीकडे वळतात. साधनातले वाक्य जसेच्या तसे उतरवले असेल तर त्याला अवतरणचिन्हे, स्वतःच्या शब्दांत आणले असेल तर पुढे ‘सारांश’, आणि वाचताना स्वतःला सुचलेले असेल तर ‘माझे’, अशी खूण त्याच क्षणी करायची असते. वर्षभराने वही उघडल्यावर चांगले जमलेले वाक्य आपलेच वाटू लागते, आणि वाङ्मयचौर्याची पुष्कळ प्रकरणे लबाडीपेक्षा या विसरातून घडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या विनियमांनुसार प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. दहाच्या वर आणि चाळीस टक्क्यांपर्यंत असल्यास ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. संगणकीय तपासणी साम्य दाखवते, पण ते वाक्य कुठून कसे आले हे फक्त वही सांगू शकते.

‘मॅडम, झोटेरोमध्ये हे सगळे आपोआप होत नाही का?’ असा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच, आणि तो रास्त आहे. झोटेरो हे संदर्भ साठवण्याचे सॉफ्टवेअर आहे. लेखक, वर्ष, नियतकालिक, डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, हा तपशील ते उत्तम सांभाळते आणि संदर्भसूचीही तयार करून देते. पण न मिळालेला अंक, अभिलेखागारातला दप्तराचा रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मुलाखत देणाऱ्या आगरी शेतकऱ्याने दाखवलेला भूसंपादनाचा कागद, हे त्याच्यात आपणहून येत नाही. ते हाताने भरावे लागते. म्हणून पुष्कळ मार्गदर्शक दोन्ही ठेवायला सांगतात आणि झोटेरोतल्या टिपणात वहीचा क्रमांक लिहायला लावतात. संकेतस्थळावरच्या पानाची मात्र नुसती लिंक नोंदवून भागत नाही. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे निरुपयोगी होतात, म्हणून पानाची पीडीएफ त्याच दिवशी जतन करून, शक्य असल्यास वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवून, दोन्हींची तारीख वहीत लिहावी.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. रकाने वाढत गेले की वही तुंबते. पंधरा-वीस रकान्यांचा तक्ता पहिल्या महिन्यानंतर रिकामा राहू लागतो. एखादी नोंद करायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल तर रकाने कमी करावेत, वही बंद करू नये. मधले काही आठवडे सुटलेच, तर आठवणीने मागच्या तारखा टाकून ती पोकळी भरू नये. ‘येथून येथपर्यंत नोंद नाही’ असे लिहून पुढच्या क्रमांकापासून सुरुवात करावी, कारण अंदाजाने टाकलेली एक तारीख सापडली की वाचणाऱ्याचा बाकीच्या तारखांवरचा विश्वासही उडतो. बोलणे संपताना मार्गदर्शक बहुधा विद्यार्थ्यांना त्यांचाच आराखडा उघडायला लावतात आणि त्यातल्या पहिल्या आकड्याचे साधन वहीत क्रमांक 1 म्हणून, हद्दीच्या तारखेसह, तिथेच बसून नोंदवून घेतात.